नीरेच्या पाटाबद्दल लिहिताना या चुका टाळा

गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांचे मजकूर माझ्याकडे तपासायला येतात. बारामती-इंदापूरकडच्या जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य असतं: "इंग्रजांनी उसासाठी पाट काढला." हे वाक्य खोडून खोडून मी थकलो आहे.

हा पाट म्हणजे नीरा डावा कालवा; तो 1876-77 च्या दुष्काळानंतर काढला आणि 1885 च्या सुमारास त्याला पाणी सुटलं. हेतू होता ज्वारी-बाजरी वाचवण्याचा. पण काळी जमीन ओल धरून ठेवते. पाऊस बरा झाला की शेतकरी पाणी मागत नसे, आणि मागितलं नाही तर पाणीपट्टीही नसे. खर्च भरून निघायला बारमाही पीक हवं होतं. म्हणून उसाला पाणी मिळत गेलं.

एका तरुणाने नकाशावरचं सगळं लाभक्षेत्र "बागायत" म्हणून रंगवून आणलं होतं. त्याचं गाव टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला. मी म्हटलं, आधी घरातल्या पावत्या काढ. पणजोबांच्या पेटीत पाणीपट्टीच्या पावत्या निघाल्या, पण सलग नव्हत्या. मधली कित्येक वर्षं कोरी, म्हणजे त्या वर्षांत बागायत होतीच असं म्हणता येत नव्हतं. तेवढ्यासाठी त्याला सगळं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. घाई केली नसती तर ते वाचलं असतं. मी स्वतः नकाशाला हात लावण्याआधी पावत्या बघतो.

दुसरी चूक म्हणजे सत्ता फक्त धरणात शोधणं. या कालव्याचं धरण भाटघरला, पण सत्ता अर्जात होती. 1879 च्या मुंबई पाटबंधारे कायद्याने सरकार जाहीरनामा काढून नदीचं पाणी कालव्यासाठी वापरायला घेऊ शकत होतं. शेतकऱ्याने अर्ज करायचा, मंजुरी कालवा अधिकाऱ्याने द्यायची, आणि आकारणी पाणी मोजून नव्हे तर पीक आणि एकर बघून व्हायची. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विश्वेश्वरय्यांची ब्लॉक पद्धत आली: ठरलेल्या पट्ट्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यातच ऊस, बाकीच्यात कमी पाण्याची पिकं, आणि मंजुरी अनेक वर्षांची. कुठल्या रानात काय पेरायचं, यात सरकारचा हात शिरला तो इथे. पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला "साधा नोकर" म्हणून सोडून देऊ नका. पाळी कधी येणार, हे गावाला त्याच्याकडूनच कळायचं.

गावाने मिळून पाणी वाटून घ्यायची फडपद्धत वेगळी; "तीही तशीच सरकारी" असं लिहू नका. खानदेशातल्या फडांत पीक आणि पाळी गावकरीच ठरवत.

शेवटची चूक: पाणी आलं म्हणजे जमीन सुधारली. पाटाच्या पाझराने आणि उसाला दिलेल्या अतिपाण्याने जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर येते, क्षार पृष्ठभागावर साठतात आणि रान चोपण होतं. आमच्या नात्यातलं एक रान असंच गेलं. उसाचे ठोंब खुरटले तेव्हा सगळे खताला दोष देत राहिले. वाफशावर नांगर चालेना, सकाळी वर पांढुरका थर दिसे. अखेर खड्डा घेतला, तर कमरेच्या आतच पाणी लागलं. त्या रानाला निचऱ्याची चर हवी होती, आणि दोन वर्षं खत ओतण्यात गेली होती.