इंदुरात पाणी १०० अंशांना उकळत नाही: थर्मामीटर असा तपासा

हायजीनच्या प्रॅक्टिकलला डायलचा थर्मामीटर मिळतो आणि तो बर्फात व उकळत्या पाण्यात तपासून दाखवायचा असतो.

१. आधी बर्फ. कुटलेल्या बर्फाने पेला काठोकाठ भरा आणि फटी भरतील एवढंच पाणी ओता. नुसत्या पाण्यावर चार खडे तरंगत असतील तर तळाचं पाणी ४ अंशांपर्यंत असू शकतं, ते चालणार नाही. ढवळा. दांडीवरची खाच बुडेल इतकी दांडी मधोमध धरा, भांड्याला टेकवू नका.

२. काटा स्थिरावला की डायलखालची नट पान्याने धरा आणि दांडी बर्फातच ठेवून डायल ० वर फिरवा.

३. आता उकळतं पाणी. इथेच मी पहिल्या वर्षी नापास झालो. पाणी खळखळत होतं, काटा ९८ वर होता. पुस्तकात १०० लिहिलेलं, म्हणून मी नट फिरवून काटा १०० वर आणला. परीक्षकांनी तोच थर्मामीटर पुन्हा बर्फात घालायला लावला, तर २ दाखवू लागला. चुकलं होतं ते माझं गणित.

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. दर ३०० मीटरला सुमारे १ अंशाने. ५५० ला ३०० ने भागा, १.८ येतात. म्हणजे आपल्याकडे काटा ९८.२ च्या आसपास यायला हवा. बडोद्यातला विद्यार्थी जवळजवळ १०० लिहील आणि तोही बरोबरच असेल. इंदुरात १०० लावून देणारा सल्ला मात्र सरळ चूक आहे. तसा लावलेला थर्मामीटर सगळीकडे जवळपास २ अंश जास्त सांगतो: गरम ठेवलेली डाळ ६० वर आहे असं दाखवेल, प्रत्यक्षात ती ५८ वर असेल. गरम अन्नाची मर्यादा ६० ची आहे.

बारीक बुडबुडे दिसले म्हणजे उकळी नव्हे, ती पाण्यात विरघळलेली हवा निघत असते. पाणी खदखदू द्या, मीठ घालू नका, दांडी तळाला टेकवू नका आणि हात वाफेपासून दूर ठेवा.

४. बर्फात बरोबर ० आणि उकळीत ९८ ऐवजी ९५ आला, तर नटला हात लावू नका. नट सगळी मापं सारखीच सरकवते. एक टोक सुधारलं की दुसरं बिघडतं. असा थर्मामीटर बाजूला ठेवा आणि दुसरा मागा. मी परीक्षक असतो, तर हे ओळखणाऱ्याला पूर्ण गुण दिले असते.

५. नोंदवहीत तारीख, दोन्ही वाचनं आणि अपेक्षित ९८.२ लिहा.