छोट्या बैठकीसाठी टीपॉय घेताना या चुका टाळा

माझ्या नणंदेचा म्हापशातला फ्लॅट छोटा आहे. हॉलमध्ये भिंतीला तिघांचा सोफा, समोरच्या भिंतीला टीव्ही युनिट आणि दोन्हींच्या मधून बाल्कनीकडे जायची वाट. गेल्या वर्षी तिने एक देखणा चौकोनी टीपॉय आणला. आठवडाभरात घरातल्या तिघांच्या नडग्या त्याच्या कोपऱ्याला आपटल्या होत्या. दुरुस्तीला म्हणून मी मोजपट्टी घेऊन गेले, तेव्हा लक्षात आलं की टीपॉय वाईट नव्हता, फक्त तो त्या जागेचा नव्हता. टीपॉयच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक सगळ्या चुका त्या एका हॉलमध्ये भेटल्या, म्हणून तोच हॉल धरून सांगते.

सोफा मोजला, पण रिकामी जागा मोजलीच नाही

दुकानात आपण सांगतो, "सोफा सहा फुटी आहे, त्याला शोभेल असा टीपॉय दाखवा." लांबीसाठी एवढं पुरतं. सोफ्याच्या लांबीच्या निम्म्यापासून दोनतृतीयांशापर्यंत टीपॉय असला की तो डोळ्याला बरा दिसतो आणि दोन्ही टोकांना बसलेल्यांचा हात पोचतो. सहा फुटी सोफ्याला म्हणजे तीन ते चार फूट. पण छोट्या हॉलमध्ये अडचण लांबीची नसते, रुंदीची असते, आणि रुंदी कुणी मोजत नाही.

नणंदेच्या हॉलचा हिशेब असा. सोफ्याच्या भिंतीपासून टीव्हीच्या भिंतीपर्यंत नऊ फूट, म्हणजे 108 इंच. पावसाळ्यात भिंतीला ओल येते म्हणून सोफा भिंतीपासून 2 इंच पुढे ओढलेला. सोफ्याची खोली 33 इंच, टीव्ही युनिटची 15. हे सगळं वजा केल्यावर हातात राहतात 58 इंच. त्या 58 इंचांत तीन गोष्टी बसवायच्या: सोफा आणि टीपॉय यांच्यामधलं गुडघ्यांचं अंतर, खुद्द टीपॉय, आणि पलीकडून चालायची वाट.

गुडघ्यांसाठी 14 ते 18 इंच लागतात. त्याहून कमी असेल तर बसता-उठताना पाय अडकतात, आणि जास्त असेल तर कप ठेवायला दर वेळी पुढे सरकावं लागतं. चालायच्या वाटेला किमान 24 इंच हवेत. हातात वाळायचे कपडे किंवा ट्रे घेऊन जायचं असेल तर 30 इंच असलेले बरे. तिचा टीपॉय 24 इंच रुंद होता. गुडघ्यांना 16 इंच सोडले की वाटेला उरत होते फक्त 18. बाल्कनीत जाणारा प्रत्येक जण तिथून अंग चोरून, तिरका होऊन जात होता. कोपरा नडगीला लागणारच होता.

आता उलट हिशेब करा. 58 मधून गुडघ्यांचे 16 आणि वाटेचे 24 वजा केले की उरतात 18. त्या हॉलला 18 इंचांहून रुंद टीपॉय चालणार नाही, मग तो कितीही सुंदर असो. घरी हा एक आकडा काढा, कागदावर लिहा आणि तो घेऊनच दुकानात जा.

"जागा लहान आहे ना, मग गोल घ्या"

हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो आणि तो अर्धाच खरा आहे. नणंदेलाही कुणीतरी 30 इंचांचा गोल टीपॉय सुचवला होता. पण गोलाला लांबी-रुंदी वेगळी नसते, 30 इंच म्हणजे सगळीकडून 30. तिच्या 58 इंचांतून ते गेले की दोन्ही बाजूंना 14-14 उरतात. नडगी वाचली असती, पण वाट पार बंद झाली असती.

बैठक चौरस असते तिथे गोल टीपॉय खरोखर कामाचा. एल आकाराचा सोफा असेल, किंवा सोफ्यासमोर दोन खुर्च्या असतील, आणि वाट मधून न जाता कडेने जात असेल, तर सगळ्यांचा हात सारखा पोचतो. जुन्या घरांच्या बल्कांवांवर समोरासमोर बाकं असतात, तिथेही छोटा गोल टीपॉय छान बसतो. लांबट, बोळासारख्या हॉलला मात्र लांबट टीपॉयच हवा. घरात लहान मूल आहे म्हणून टोकदार कोपरे नको असतील, तर दोन्ही टोकांना गोलाई दिलेला लंबगोल घ्या. वळणाऱ्या माणसाला त्या गोलाईमुळे तीन-चार इंच जास्त मिळतात आणि रुंदीही वाढत नाही.

एकाच खांबावर उभा असलेला गोल टीपॉय घेण्याआधी घरात वयस्कर माणसं आहेत का ते बघा. सोफ्यावरून उठताना ती टीपॉयच्या कडेवर हात टेकून भार देतात. चार पाय असलेला टीपॉय तो भार सोसतो, एकखांबी कलंडू शकतो. दुकानात असताना कडेवर तळहात ठेवून जोरात दाबा, दुसरी बाजू उचलली जात असेल तर तो घेऊ नका.

उंची रिकाम्या सोफ्यावरून ठरवली

टीपॉयची उंची सोफ्याच्या बैठकीइतकी किंवा एक-दोन इंच कमी असावी, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. चूक होते ती मोजताना. रिकाम्या सोफ्याची बैठक 18 इंच भरली, म्हणून नणंदेने 18 इंचांचा टीपॉय घेतला. पण फोमच्या गादीवर माणूस बसला की ती दोन-तीन इंच दबते. बसलेल्या माणसाची खरी बैठक 16 इंचांवर आली आणि टीपॉय तिच्या दोन इंच वर गेला. मग कप उचलताना कोपर वर न्यावं लागतं आणि समोरचं टेबल अंगावर आल्यासारखं वाटतं.

म्हणून घरातल्या कुणाला तरी सोफ्यावर नीट बसवा आणि त्याच्या मांडीशेजारी, दबलेल्या गादीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. घरी वेताचा किंवा लाकडी बैठकीचा जुना सोफा असेल तर हा फरक जवळजवळ नसतोच, जे मोजाल तेच खरं. नणंदेचे सासरे गुडघ्यांनी अधू आहेत, खाली वाकणं त्यांना जड जातं. त्यामुळे आम्ही एक-दोन इंच कमी न करता 16 इंचच धरले.

टीपॉयवरच जेवायचं किंवा लॅपटॉप ठेवून काम करायचं असेल तर ही उंची पुरत नाही, पाठ दुखते. त्यासाठी टीपॉय उंच करू नका. सोफ्याच्या बाजूला सरकवता येणारं, सी आकाराचं छोटं टेबल वेगळं ठेवा.

खण आहे, पण उघडतो कुठे?

साठवणुकीचा टीपॉय घेताना आपण खण किती ते मोजतो, तो कुठल्या दिशेला उघडतो ते बघत नाही. नणंदेच्या टीपॉयचा खण सोफ्याच्या बाजूला होता. तो 14 इंच बाहेर यायचा आणि मध्ये जागा होती 16 इंचांची, तीही गुडघ्यांनी भरलेली. खण उघडायचा तर सगळ्यांनी पाय वर घ्यायचे. महिन्याभरात त्यात जुनी बिलं पडून राहिली आणि रिमोट, चष्मा, औषधांच्या पट्ट्या वरच येऊन बसल्या. अरुंद जागेत खण टीपॉयच्या आखूड बाजूला हवा, म्हणजे तो सोफ्याच्या टोकाकडे उघडतो.

वरची फळी उचलून आत सामान ठेवायचा पेटीवजा टीपॉय मोहात पाडतो. पण दर वेळी वरचे कप, वर्तमानपत्र, फुलदाणी बाजूला करावी लागते. रोज लागणाऱ्या वस्तू त्यात ठेवू नयेत. गोव्यात त्याला आणखी एक अडचण आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेत इतका दमटपणा असतो की बंद पेटीतली मासिकं, गोधड्या कुबट होतात आणि आतल्या फळीवर पांढरी बुरशी धरते. बंद कप्पा घ्यायचाच असेल तर त्याच्या तळाला किंवा मागे हवेसाठी भोकं आहेत का बघा, नसतील तर पाडून घ्या. माझा कल सरळ उघड्या फळीकडे आहे. जमिनीपासून सात-आठ इंच वर असली की खालून केरसुणी फिरते आणि वस्तू डोळ्यांसमोर राहतात.

इथेच लाकडाचा प्रश्न येतो. पार्टिकल बोर्ड किंवा एमडीएफचे पाय रोज ओल्या फडक्याने पुसलेल्या लादीवर उभे असतात. पाणी खालच्या कडेतून आत शिरतं, पाय फुगतो, लॅमिनेट सुटतं. एकदा फुगलेला पाय परत बसत नाही. असा टीपॉय घरात असेल तर पायांखाली रबराचे किंवा नायलॉनचे बुश ठोकून तो जमिनीपासून वर उचला. नवीन करून घेत असाल तर फणस किंवा सागवान उत्तम, आणि प्लायवूड वापरायचं असेल तर त्यावर IS 710 हा शिक्का आहे का ते बघून घ्या. तो मरीन प्लायचा असतो. समुद्राजवळच्या घरात लोखंडी पायांना गंज लवकर धरतो, विशेषतः जोडाच्या जागी.

भरीव लाकडाचा खण पावसात अडकतो, तेव्हा लगेच सुताराला रंधा मारायला बोलावू नका. आमच्या मेस्ताने मला हे बजावून सांगितलं होतं: "वहिनी, आता तासला तर जानेवारीत खडखड वाजेल." लाकूड दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. तोवर खणाच्या सरकत्या कडांना मेणबत्ती घासा. पावसाळा संपून नोव्हेंबर उजाडला तरी खण अडकत असेल, तर मग तासून घ्या.

चवथीचा विचार राहून गेला

हे फक्त आपल्याकडचं. चवथीला हॉलमध्ये मखर बसतं, वर माटोळी बांधायची असते, आणि त्यासाठी जमीन मोकळी करावी लागते. जाड काचेचा किंवा ग्रॅनाइटचा टीपॉय त्या दिवशी दोघांना उचलावा लागतो, आणि ठेवायला जागा शोधावी लागते ती वेगळीच. एकात एक सरकणारे दोन-तीन छोटे टीपॉय अशा वेळी सोयीचे: एरवी मोठाच बाहेर ठेवायचा, पाहुणे आले की बाकीचे ओढायचे, आणि चवथीला तिन्ही मिळून एका कोपऱ्यात जातात.

घेण्याआधी, आणि घेऊन चुकल्यावर

घेण्याआधी वर्तमानपत्रं चिकटवून टीपॉयच्या मापाचा कागद कापा, जमिनीवर ठेवा आणि त्यावर त्याच उंचीचे खोके मांडा. दोन दिवस तसंच राहू द्या. केर काढणारी, बाल्कनीत जाणारी, रात्री अंधारात पाणी प्यायला उठणारी माणसं कुठे अडखळतात ते आपोआप दिसतं.

नणंदेने शेवटी मेस्ताकडून फणसाचा 40 बाय 18 इंचांचा, टोकांना गोलाई असलेला, 16 इंच उंच टीपॉय करून घेतला. खाली उघडी फळी आणि आखूड बाजूला एक खण. आधीचा टीपॉय कापून लहान करता आला असता का, असं तिने विचारलं होतं. तो पार्टिकल बोर्डचा असल्यामुळे कापलेली कड भुसभुशीत झाली असती. तो आता बेडरूममध्ये खिडकीखाली उभा आहे.

तुमचा टीपॉय भरीव लाकडाचा आणि सरळ पायांचा असेल, आणि फक्त उंची जास्त असेल, तर पाय कापता येतात. आधी टीपॉय सपाट लादीवर उभा करून चारही पायांवर जमिनीपासून सारख्या उंचीवर खूण करा आणि पायाभोवती चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे कापताना लाकडाच्या चिरफळ्या उडत नाहीत. बुशची उंची धरून तेवढं जास्त कापा. कापलेल्या उघड्या टोकांना पॉलिश किंवा वॉर्निश पाजा आणि मगच बुश ठोका, नाहीतर पुढच्या पावसात लादीवरचं पाणी तिथूनच आत शिरेल.