प्रश्नावली दिसली की लगेच ‘सर्व्हे फीडबॅक’वर खूण करू नका

चेंज मॅनेजमेंटच्या बहुपर्यायी प्रश्नात टीम बिल्डिंग, सर्व्हे फीडबॅक आणि सेन्सिटिव्हिटी ट्रेनिंग शेजारीशेजारी आले, की आधी बघा: गटासमोर चर्चेला काय ठेवलंय?

समजा, नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या कारखान्यात कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली, आकडे विभागवार काढले आणि प्रत्येक सुपरवायझरने आपल्या माणसांसोबत बसून त्यावर उपाय ठरवले. हा सर्व्हे फीडबॅक. तेच आकडे फक्त मॅनेजरच्या टेबलावर गेले, तर तो नुसता सर्व्हे. माहिती भरणाऱ्यांकडे परत यायलाच हवी. बहुतेकजण इथेच फसतात.

हीच मंडळी कोणाचं काम काय आणि ते कुठे अडतं यावर बसली, तर टीम बिल्डिंग.

सेन्सिटिव्हिटी ट्रेनिंगमध्ये ठरलेला विषयच नसतो. ‘तुम्ही मध्येच तोडलंत, मला राग आला’ अशा बोलण्यातून माणसाला आपलं वागणं कळतं. १९४६ मध्ये मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांच्या अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या कार्यशाळेतून ही टी-ग्रुप, म्हणजे ट्रेनिंग ग्रुप, पद्धत पुढे आली. गट बहुधा अनोळखी लोकांचा, त्यामुळे शिकलेलं परत कामावर उतरवणं अवघड जातं. मर्यादा विचारली तर हेच उत्तर शोधा.