रिझ्युमेतली खोटी माहिती आठ-नऊ वर्षांनी सापडली तर या चुका टाळा

कुपवाड एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपचं उदाहरण घेऊ. ऑपरेटर जून २०१६ मध्ये कामाला लागला. रिझ्युमेत त्यानं आधीच्या कंपनीतला अनुभव तीन वर्षं लिहिला होता, प्रत्यक्षात तो होता अकरा महिने. फेब्रुवारी २०२५ मध्ये कंपनीनं सगळ्या कामगारांची कागदपत्रं एका एजन्सीकडून तपासून घेतली. पीएफच्या यूएएन खात्यात आधीच्या नोकरीच्या तारखा दिसतात, तिथं फरक उघड झाला. दुसऱ्या दिवशी एचआरनं केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "राजीनामा लिहून द्या, नाहीतर फसवणुकीची केस करतो."

केबिनमध्येच राजीनामा लिहून देणं

सर्वात महाग पडणारी चूक हीच. कंपनीनं काढलं तर तिला आरोपपत्र, चौकशी, पुरावा या सगळ्यातून जावं लागतं. राजीनामा दिला की कागदावर तुम्ही स्वतःहून गेलेले असता आणि दबाव होता हे सिद्ध करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. "मला लेखी द्या, मी लेखी उत्तर देतो" एवढंच म्हणून बाहेर या. सही होऊन गेली असेल तर त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टानं राजीनामा मागे घ्या. केबिनमध्ये कोण होतं, काय बोलणं झालं, किती वाजता, हे त्यात लिहा. आठवड्यानं लिहिलेल्या पत्राला तेवढं वजन राहत नाही.

"इतकी वर्षं झाली, आता काय करणार?" असं धरून चालणं

अमुक वर्षं नोकरी झाली की खोटं माफ, असा कुठलाही कायदा नाही. बोगस जातीच्या दाखल्यावर मिळालेल्या नोकऱ्यांबाबत सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये जगदीश बहिरा प्रकरणात स्पष्ट सांगितलं, की दीर्घ सेवा हे संरक्षण होत नाही. उशिराचा मुद्दा कामी येतो, पण खोटं कधी लिहिलं यापेक्षा कंपनीला ते कधी कळलं आणि कळल्यावर तिनं काय केलं, हे तिथं जास्त महत्त्वाचं ठरतं.

आपल्या ऑपरेटरनं २०१७ मध्ये जुना पीएफ नव्या खात्यात वर्ग केला होता. तो अर्ज याच कंपनीच्या मंजुरीनं गेला असेल, तर आधीच्या नोकरीच्या खऱ्या तारखा तेव्हाच तिच्यासमोर आल्या होत्या. त्यानंतर पगारवाढीची पत्रं आणि सीनिअर ऑपरेटरची बढती मिळाली. माहीत असून गप्प बसली, वर बढतीही दिली, असं दाखवता आलं तर कंपनीनं ती गोष्ट चालवून घेतली असं म्हणता येतं. फक्त, "कंपनीला कळायला हवं होतं" आणि "कळलं होतं" यांत फरक आहे. कागद हातात नसेल तर हा मुद्दा बडतर्फी रद्द करायला बहुधा पुरत नाही, शिक्षा कमी करण्यासाठी मात्र मांडता येतो.

घाबरून दुसरं खोटं लिहिणं

आरोपपत्राच्या उत्तरात "उरलेली दोन वर्षं मी दुसरीकडे रोखीवर काम करत होतो" असं खोटं लिहू नका. जुनं खोटं नऊ वर्षांपूर्वीचं होतं, हे आजचं ठरेल आणि स्वच्छ सेवेचा तुमचा सगळा मुद्दा निकालात निघेल.

त्याऐवजी खरे प्रश्न विचारा. पहिला, ही माहिती विशिष्टपणे विचारली होती का? अवतार सिंग प्रकरणात (२०१६) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की फॉर्ममध्ये जे नेमकं विचारलं असेल तेवढंच सांगणं बंधनकारक, आणि कायम झालेल्या कर्मचाऱ्याला खोट्या माहितीसाठी काढण्याआधी खातेनिहाय चौकशी हवी. ते प्रकरण सरकारी नोकरीतलं, गुन्ह्याची माहिती लपवण्याबद्दलचं होतं, त्यामुळे खासगी कंपनीला ते जसंच्या तसं लागू आहे असं समजू नका. त्यातलं तत्त्व मात्र मांडता येतं.

दुसरा प्रश्न सर्वात वजनाचा. ते खोटं नसतं तर नोकरी मिळाली असती का? २०१६ च्या जाहिरातीत फक्त आयटीआय मागितलं असेल, तर तीन वर्षांचा अनुभव ही अट नव्हती, फुगवटा होता. आयटीआयचं प्रमाणपत्रच बनावट असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी, तिथं नोकरीचा पायाच खोटा ठरतो. शिक्षण कमी दाखवणंही सुरक्षित नाही. पदवी लपवून शिपाई झालेल्या एका बँक कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये बँकेची बाजू धरली, कारण जाहिरातीत पदवीधर नको असं लिहिलेलं होतं.

चौकशीला न जाणं

"सगळं ठरलेलंच आहे" म्हणून लोक घरी बसतात आणि एकतर्फी चौकशीचा रस्ता स्वतःच मोकळा करून देतात. जा, आणि मूळ अर्जाची प्रत मागा. त्यावर सही तुमची आहे का ते बघा, कारण काही वेळा प्लेसमेंटवाला रिझ्युमे स्वतः बदलून पाठवतो. एजन्सीचा अहवाल ज्यानं तयार केला त्याची उलटतपासणी मागा. चौकशी अहवालाची प्रत मिळाल्याशिवाय आणि त्यावर तुमचं म्हणणं घेतल्याशिवाय कंपनीनं शिक्षा देऊ नये. निलंबनात पहिले ९० दिवस अर्धा पगार निर्वाह भत्ता म्हणून आणि तुमच्यामुळे उशीर झालेला नसेल तर पुढे ७५ टक्के, हे स्थायी आदेशांच्या, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या नियमांच्या, कायदेशीर तरतुदींतलं प्रमाण आहे.

चौकशी झालीच नाही म्हणून केस जिंकली, असं मात्र नाही. कंपनी कामगार न्यायालयात नव्यानं पुरावा देऊन आरोप सिद्ध करू शकते.

मुदत घालवणं

महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत पहिल्याच बाबीत या दोन गोष्टीही आहेत: नैसर्गिक न्याय धाब्यावर बसवून किंवा घाईघाईनं काढणं, आणि किरकोळ वा तांत्रिक गैरवर्तनासाठी मागची सेवा न बघता धक्कादायक वाटावी इतकी मोठी शिक्षा देणं. आपल्या ऑपरेटरचा खरा मुद्दा हा दुसरा. तक्रारीची मुदत ९० दिवस. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यावर जुन्या केंद्रीय कायद्यांचे मार्ग आणि मुदती बदलल्या आहेत, म्हणून बडतर्फीचं पत्र मिळाल्यावर ९० दिवस हीच आपली शेवटची तारीख समजा आणि पहिल्याच आठवड्यात वकील गाठा. पत्रावर "सुपरवायझर" लिहिलंय म्हणून कामगार न्यायालय आपल्यासाठी नाही असं परस्पर ठरवू नका. हुद्द्याच्या नावापेक्षा रोजचं मुख्य काम काय, हे बघितलं जातं.

ग्रॅच्युइटी गेलीच असं मानणं

शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये धरा. सेवा आठ वर्षं आठ महिने, म्हणजे हिशेबात नऊ वर्षं. १८,२०० भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९, म्हणजे ९४,५०० रुपये. बडतर्फ केलं म्हणून ही रक्कम आपोआप बुडत नाही. नुकसान केलं असेल तर तेवढ्यापुरती कपात होते. पूर्ण किंवा काही भाग जप्त करायला दंगा वा हिंसा, नाहीतर नोकरीच्या ओघात केलेलं, नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल असं कृत्य लागतं. ती जप्तीही तुमचं म्हणणं ऐकून, कारणासह लेखी हवी. पीएफला तर कंपनी हात लावू शकत नाही.

इथं एक निकाल तुमच्या विरोधात दाखवला जाईल. १७ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीच्या प्रकरणात खोट्या जन्मदाखल्यावर नोकरी मिळवलेल्या कामगाराची सगळी ग्रॅच्युइटी जप्त करणं मान्य केलं, फौजदारी शिक्षा झालेली नसतानाही. त्याच निकालात एसटीच्या वाहकांची जप्ती मात्र २५ टक्क्यांवर आणली. कोळसा कामगाराबाबत कारण हे, की नेमणूकच त्या खोट्या दाखल्यावर उभी होती. आपल्या ऑपरेटरची नेमणूक आयटीआयवर उभी होती की तीन वर्षांच्या अनुभवावर, हे दाखवणारा कागद म्हणजे २०१६ ची ती जाहिरात. वर्तमानपत्राचं कात्रण, प्लेसमेंटवाल्याचा मेसेज, मुलाखतीचं पत्र, जे मिळेल ते आजच शोधून ठेवा.