अँथुरियमची उन्हाळ्याआधीची तयारी

फेब्रुवारी संपायच्या आत कुंडी खाली उतरवा आणि आधी फुलाकडे नीट बघा. आपण ज्याला पाकळी म्हणतो तो लाल भाग खरं तर एक बदललेलं पान असतो. खरी बारीक फुलं मधल्या दांडीवर असतात. म्हणून दोन-तीन महिने झालेलं फूल देठाकडून हिरवं व्हायला लागलं, तर ते फक्त म्हातारं झालंय. त्याचा देठ बुडाशी कापून टाका. नवीनच उमललेलं फूल मात्र हिरवट असेल, तर उजेड कमी पडतोय किंवा नत्र जास्त होतंय, असं समजा. तपकिरीची गोष्ट वेगळी आहे. मधोमध कोरडा, फिकट डाग म्हणजे उन्हाचा चटका, कुरकुरीत कडा म्हणजे कोरडी हवा किंवा कुंडीत साचलेले क्षार. पानंही पिवळी पडून कुंडीला कुबट वास येत असेल, तर मुळं कुजली आहेत. तेव्हा खताचा विचारही करू नका, आधी मुळं बघा.

आता जागा. पुण्यातल्या पूर्वेच्या बाल्कनीत सकाळचं कोवळं ऊन चालतं, पण मार्चपासून नऊनंतरचं नाही. ७५ टक्क्यांची हिरवी शेडनेट आत्ताच आणून ठेवा. दुपारी कुंडीवर हात धरा. सावली पुसट पडली तर उजेड बरोबर. ठळक पडली तर ऊन जास्त. दिसलीच नाही तर कुंडी जास्त उजेडाकडे सरकवा.

खरी अडचण ओलाव्याची. या झाडाला हवेत साठ टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते आणि एप्रिलच्या दुपारी पुण्यात त्याच्या निम्मीही नसते. कोकणात, गोव्यात ही काळजी बरीच कमी. स्प्रेच्या बाटलीवर माझा फारसा विश्वास नाही. परिणाम काही मिनिटांचा, वर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग फुलावर राहतात. त्यापेक्षा कुंड्या एकत्र दाटीनं ठेवा, खालची फरशी दिवसातून दोनदा भिजवा, वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट टांगा. एक साधा आर्द्रतामापक घेतला की अंदाज बांधावा लागत नाही.

खत देण्याआधी कुंडी धुऊन काढा: खालून भरपूर पाणी निथळेपर्यंत साधं पाणी ओता, जमलं तर साठवलेलं पावसाचं. कुंडीत भरायला नारळाच्या सोडणाचे तुकडे नवे आणले असतील तर तेही दोन-तीन पाण्यांतून काढा, त्यांत मीठ असतं. मग १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, तेही ओल्या कुंडीतच. फुलाची कड पाणचट होऊन तपकिरी पडत असेल, तर कॅल्शियम कमी पडत असण्याची शक्यता असते. मधल्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट तेवढंच द्या. दोन्ही एका बादलीत कालवू नका, फॉस्फेटशी मिळून त्याचा साका बसतो. युरिया तर नकोच, पानं माजतात आणि फुलं हिरवटतात.

एकदा तपकिरी झालेला डाग परत लाल होत नाही. फरक पडला की नाही, हे पुढच्या कळीवरूनच कळेल.