सिरॉसिसच्या पेशंटला झोपेची गोळी देताना या चुका टाळा

आमच्या वॉर्डात साठीचे एक काका आले होते. यकृताचा सिरॉसिस जुना, पोटात थोडं पाणी. रात्री टक्क जागे राहायचे आणि दिवसा जेवता जेवता पेंगायचे. घरात काकूंची डायझेपामची ५ मिलिग्रॅमची पट्टी पडली होती, त्यातली एक गोळी रोज रात्री सुरू झाली. पहिला आठवडा बरा गेला, त्यामुळे सगळे निर्धास्त झाले. अठराव्या दिवशी सकाळी काका उठेनात. "डोस तर तेवढाच होता हो," मुलगा सारखा सांगत होता. त्याचं खरंच होतं, वाढवलेलं काहीच नव्हतं.

"डोस तेवढाच आहे"

मोरी तुंबली की रोजच्याच बादलीभर पाण्याने न्हाणीघर भरतं. डायझेपामचं तसंच होतं. निरोगी प्रौढाच्या शरीरातलं डायझेपाम निम्मं व्हायला साधारण दोन दिवस लागतात. सिरॉसिसमध्ये हाच काळ दुपटीच्या वर, शंभर तासांच्या आसपास जातो. एक तर ते मोडणाऱ्या यकृताच्या पेशीच कमी उरलेल्या असतात, आणि वर बरंचसं रक्त यकृताला वळसा घालून आडवाटेने निघून जातं.

आता हिशोब मांडा. रोज ५ मिलिग्रॅम घेतल्यावर निरोगी माणसाच्या अंगात आठवड्याअखेर साधारण १५ मिलिग्रॅम असतं आणि पुढे १७ च्या आसपास ते थांबतं. काकांच्या अंगात आठवड्याअखेर २२ होतं, तरी ते अजून चढतच होतं. अठराव्या गोळीनंतर ते ३१ च्या घरात गेलं. शिवाय डायझेपाम मोडून जो पदार्थ तयार होतो तोही गुंगी आणतो आणि तोही रेंगाळतो, तो या हिशोबात धरलेलाच नाही. म्हणून पहिले आठ दिवस ठीक गेले यावर विसंबू नका. साठा पूर्ण भरायलाच तीन आठवडे लागतात.

"एसजीपीटी नॉर्मल आलंय"

ही चूक शिकलेल्या घरांतही होते, आणि कधी कधी आमच्याकडूनही. एसजीपीटी म्हणजे दुखावलेल्या पेशींतून रक्तात झिरपणारं एन्झाइम. यकृत काम किती करतंय हे त्यावरून कळत नाही. पेशीच थोड्या उरल्या असतील तर आकडा नॉर्मल येऊ शकतो. डोस ठरवताना बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आयएनआर पाहावा, पोटात पाणी आहे का आणि पेशंट गोंधळतो का हेही पाहावं. सिरॉसिस किती पुढे गेलाय ते सांगणारी चाइल्ड-प्यू श्रेणी याच पाच गोष्टींवरून काढतात. अल्ब्युमिन कमी असेल तर आणखी एक अडचण येते. डायझेपाम बहुतांशी त्यालाच चिकटून राहतं, त्यामुळे ते कमी झालं की मेंदूपर्यंत पोचणारा मोकळा भाग वाढतो.

झोप का उडाली, हे न विचारणं

मला सगळ्यात जास्त काळजी या चुकीची वाटते. सिरॉसिसमध्ये दिवस-रात्र उलटी होणं ही बऱ्याचदा मेंदूवर परिणाम सुरू झाल्याची पहिली खूण असते. पेशंटला दोन्ही हात पुढे करून, मनगटं मागे वळवून 'थांब' अशी खूण करायला सांगा. पंजे मध्येच गळून पुन्हा वर येत असतील, तर गोळी देऊ नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शौचाला कधी झालं तेही विचारा, कारण पोट साफ होत नसेल तर मेंदूवरचा हा परिणाम वाढतो. काकांना तीन दिवस झालं नव्हतं.

"लोराझेपाम चालतं ना"

लोराझेपाम डायझेपामच्याच गटातलं, पण ते ज्या वाटेने मोडतं ती वाट सिरॉसिसमध्ये बरीच टिकून राहते. त्यामुळे या गटातलं औषध द्यावंच लागलं, तर आम्ही ते निवडतो. तेही कमी डोसात, जास्त अंतराने आणि पुढची मात्रा देण्यापूर्वी पेशंटला पाहून, कारण अशा यकृताच्या पेशंटचा मेंदूच गुंगीला लवकर बळी पडतो. एंडोस्कोपीच्या वेळी गुंगीसाठी देतात ते याच गटातलं मिडाझोलामही थोडं थोडं द्यावं आणि प्रत्येक वेळी दोन-तीन मिनिटं थांबून बघावं. नंतर पेशंटला नेहमीपेक्षा जास्त वेळ नजरेखाली ठेवावं.

एक सावधगिरी मात्र हवीच. कुणी महिनोन्‌महिने ही गोळी घेत असेल, किंवा रोजची दारू नुकतीच सुटली असेल, तर घरच्या घरी गोळी एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात.

काकांना डायझेपामचा असर उतरवणारं फ्लुमाझेनिल दिलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडून मुलाला नावाने हाक मारली. घरचे लगेच डिस्चार्ज मागू लागले. पण या औषधाचा असर तासाभराचा आणि अंगातलं डायझेपाम कित्येक दिवसांचं. दीड तासात काका पुन्हा गुंगीत गेले. डायझेपाम बंदच होतं, जोडीला दिवसाला दोन-तीन वेळा मऊ शौचाला होईल इतकं लॅक्ट्युलोज सुरू ठेवलं. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःहून चहा मागितला.