ऑनलाइन क्लासमध्ये फळा कधी करडा, कधी पांढराफटक? वेबकॅमच्या या चुका टाळा

फळ्यासमोर उभं राहून शिकवणाऱ्यांचा व्हिडिओ एका ठरावीक पद्धतीने बिघडतो. सर फळ्याजवळ गेले की सगळं चित्र काळवंडतं, चेहरा तर दिसतच नाही, आणि मुलांशी बोलायला कॅमेऱ्याजवळ आले की फळा पांढराफटक होऊन त्यावरचं अर्धं लिखाण गायब. त्यात मध्येच फोकस मागेपुढे होतो आणि संध्याकाळच्या बॅचला तर चित्रावर मुंग्या फिरल्यासारखा दाणा दिसतो. बहुतेकजण म्हणतात कॅमेरा हलका आहे, नवीन घ्यायला पाहिजे. पण साध्या १०८० पिक्सेलच्या वेबकॅमवरही फळा स्वच्छ वाचता येतो, फक्त उजेड आणि सेटिंग कुठल्या क्रमाने करायचं ते कळायला हवं.

आधी कारण समजून घ्या. ऑटो एक्स्पोजरला फळा आणि माणूस यातला फरक कळत नाही, तो ढोबळमानाने पूर्ण चित्राचा सरासरी उजेड बघतो आणि तो मधल्या करड्या रंगाच्या आसपास आणायला जातो. चित्रात पांढरा फळा जास्त आला की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो सगळंच अंधारं करतो. गडद कपडे घातलेला माणूस पुढे आला की उलटं. म्हणजे कॅमेरा बिघडलेला नाही, त्याचं काम तो बरोबर करतोय, फक्त ते आपल्या कामाचं नाही.

पहिली चूक: उजेड न सुधारता थेट सेटिंगला हात घालणं

सांगलीच्या ओळखीच्या एक मॅडम दहावीचं गणित घेतात, बॅच संध्याकाळी साडेपाच ते सात. खोली १० बाय १२, चार बाय तीन फुटांचा चकचकीत पांढरा फळा, समोर सहा फुटांवर ट्रायपॉडवर लॉजिटेकचा सी९२०. डाव्या हाताला खिडकी आणि कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर एक एलईडी बॅटन. मुलांची तक्रार अशी की फळ्याच्या मधोमध पांढरा पट्टा दिसतो आणि तिथलं समीकरण वाचता येत नाही. तो पट्टा म्हणजे समोरच्या बॅटनचं प्रतिबिंब. कॅमेऱ्याच्या मागे किंवा शेजारी दिवा असेल तर चकचकीत फळा तो थेट लेन्समध्ये परत पाठवणारच, आणि तो पट्टा कुठल्याही सेटिंगने जात नाही कारण तिथली माहिती कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलीच नसते. रिंग लाइट कॅमेऱ्याभोवती लावून फळ्यावर शिकवणाऱ्यांचंही हेच होतं, रिंग लाइट टेबलावर बसून बोलणाऱ्यांसाठी ठीक, फळ्यासाठी नाही.

उपाय असा केला: समोरची बॅटन बंद, आणि २० वॉटच्या दोन सारख्या एलईडी बॅटन फळ्याच्या दोन बाजूंना, फळ्यापासून साधारण तीन फूट पुढे, उभ्या लावल्या. उजेड दोन्हीकडून ४५ अंशात फळ्यावर पडतो आणि प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न येता बाजूला निघून जातं. थोडी चमक उरली होती तर फळ्याच्या वरच्या कडेमागे पुठ्ठ्याची घडी घालून फळा किंचित पुढे झुकवला, मग तीही गेली. आणि दोन्ही बाजूंनी उजेड आला की मॅडमची स्वतःची सावली लिहिलेल्यावर पडते तीही फिकी होते, हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो.

खिडकीला जाड पडदा लावला, बॅच सुरू व्हायच्या आधीच. कारण साडेपाचला बाहेर उजेड असतो आणि थंडीत सहाच्या सुमारास मावळतं, मग लॉक केलेलं एक्स्पोजर अर्ध्या तासात चुकीचं ठरतं. दिवसाची बॅच असेल तरी हेच, ढग आला-गेला की गडबड. दिवा जवळ आणण्याचाही विचार करा: छोटा बल्ब दोन मीटरवरून एक मीटरवर आणला तर जवळपास चौपट उजेड मिळतो, लांब बॅटनला इतका फरक पडत नाही पण पडतो नक्की. नवीन दिवा घ्यायच्या आधी आहे तो सरकवून बघा.

दुसरी चूक: एक्स्पोजर भलत्याच वेळी आणि भलत्याच आकड्यावर लॉक करणं

विंडोजवर सोपा रस्ता ओबीएस या मोफत रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधून जातो. तिथे Video Capture Device जोडा, त्याच्या Properties मध्ये Configure Video दाबा, छोटी खिडकी उघडते. Camera Control या टॅबमध्ये Exposure समोरची Auto ची टिक काढा. तिथेच Low Light Compensation दिसत असेल तर तीही टिक काढा, कारण ती चालू असली की उजेड कमी पडताच कॅमेरा फ्रेम रेट ३० वरून १५ पर्यंत पाडतो आणि हात हलला की त्याचा पुसट पट्टा दिसतो. फळा पुसताना हात विरघळल्यासारखा दिसला की समजा हेच चाललंय.

आता आकडा. हा स्लायडर दोनाच्या पटीत चालतो: बऱ्याच कॅमेऱ्यांत -5 म्हणजे सेकंदाचा १/३२ भाग, -6 म्हणजे १/६४, -7 म्हणजे १/१२८. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकच्या ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणजे दर १० मिलिसेकंदाला एकदा. शटर १०, २० किंवा ३० मिलिसेकंद उघडं राहिलं तर प्रत्येक वेळी पूर्ण चढउतार पकडला जातो आणि चित्र स्थिर राहतं. -5 म्हणजे सुमारे ३१ मिलिसेकंद, हे ३० च्या अगदी जवळ म्हणून चालतं. -6 म्हणजे साडेपंधरा, इथे दीड चढउतार पकडला जातो आणि फळ्यावर आडवे गडद पट्टे सरकायला लागतात. पुष्कळजण "-6 ला चित्र जास्त स्पष्ट येतं" म्हणून तिथे लॉक करतात आणि मग पट्टे का सरकतात ते शोधत बसतात. न लुकलुकणारा, चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी असेल तर -6 बिनधास्त वापरा, हात हलतानाही स्पष्ट दिसेल, नाहीतर -5. शिवाय Video Proc Amp टॅबमध्ये PowerLine Frequency ५० हर्ट्झवर आहे का बघा, ६० वर असेल तर ऑटोमध्येसुद्धा पट्टे येऊ शकतात.

लिनक्सवाल्यांना नेमका आकडा देता येतो, इथे एकक १०० मायक्रोसेकंद आहे म्हणून 200 म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद:

```
v4l2-ctl -d /dev/video0 -c auto_exposure=1
v4l2-ctl -d /dev/video0 -c exposure_time_absolute=200
v4l2-ctl -d /dev/video0 -c focus_automatic_continuous=0
```

जुन्या कर्नलवर ही नावं थोडी वेगळी असतात, `v4l2-ctl --list-ctrls` ने आधी बघून घ्या.

लॉक करताना शिकवताना असतं तसंच दृश्य हवं: सगळे दिवे चालू, पडदा बंद, तुम्ही नेहमीच्या कपड्यात फळ्याशेजारी उभे, आणि फळ्यावर काळ्या, निळ्या, लाल, हिरव्या मार्करने एकेक ओळ लिहिलेली. फळा पांढराफटक व्हायला लागला की फिके रंग आधी जातात, म्हणून हिरवी ओळ वाचता येईल इथपर्यंतच उजेड वाढवा. फळा किंचित करडट पांढरा दिसला तरी चालेल, शुभ्र दिसायलाच पाहिजे असं काही नाही. Video Proc Amp टॅबमध्ये White Balance ची Auto पण काढून टाका, नाहीतर लाल साडी फ्रेममध्ये आली की फळा निळसर होतो.

फोकस चेहऱ्यावर लॉक करू नका

मुलं चेहरा नाही, फळा वाचतात. हात पुढे केला, वही दाखवली की ऑटोफोकस त्यामागे पळतो आणि परत यायला दोन-तीन सेकंद घेतो, तेवढ्यात पायरी हुकते. फळ्यावर कोपऱ्यात वहीतल्या अक्षराइतकं बारीक काहीतरी लिहा, फ्रेमबाहेर व्हा, ऑटोला फोकस करू द्या, मग Focus ची Auto टिक काढा. वेबकॅमचा सेन्सर बारीक असल्याने सहा फुटांवर फोकस केलं तरी तुम्ही चार फुटांवर उभे असलात तर चेहरा बऱ्यापैकी स्पष्टच राहतो. छोट्या प्रिव्ह्यूवर विसंबू नका, अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून पूर्ण स्क्रीनवर बघा. Focus चा स्लायडर करडा, न हलणारा दिसत असेल तर बहुधा तुमचा कॅमेरा फिक्स फोकसचा आहे, लॅपटॉपचे बरेच कॅमेरे तसेच असतात, तिथे अंतर थोडं बदलून बघणं एवढंच हातात आहे.

दाणा दिसतो म्हणून सॉफ्टवेअरने पुसायला जाणं

तो दाणा येतो गेनमुळे. उजेड कमी म्हणून कॅमेरा सिग्नल वाढवतो आणि सिग्नलसोबत खरखरही वाढते. लाइव्ह क्लासमध्ये याचा दुहेरी तोटा आहे: झूम किंवा मीट व्हिडिओ दाबून पाठवतात, दर फ्रेमला बदलणारा दाणा त्यांना खरी हालचाल वाटते, मोजकं बँडविड्थ त्यावर खर्च होतं आणि अक्षरांच्या कडा चौकोनी फुटतात. म्हणून मुलांकडे तुमच्यापेक्षा खराब दिसतं. झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये Adjust for low light असतं, मीटमध्येही उजेड वाढवायचा पर्याय आहे, ते बंद ठेवा, एकदा एक्स्पोजर लॉक केल्यावर ते वरून पुन्हा चढवायला बघतात.

मॅडमकडे दोन बॅटन लावल्यावर एक्स्पोजर -5 ठेवून Gain हळूहळू खाली आणला, आधी ऑटोमध्ये तो जवळपास वरच्या टोकाला होता तो निम्म्याच्याही खाली आला, आणि गडद साडीवरचा दाणा जवळपास गेला. Sharpness पण मधल्याच्या जरा खाली ठेवा, जास्त ठेवला की दाण्यालाच धार येते. यानंतरही दाणा असेल तर उजेडच कमी आहे, दुसरं काही शोधू नका.

नेमकं काय बिघडलंय ते कसं ओळखायचं

काळ्या पुठ्ठ्याची वही कॅमेऱ्यासमोर अर्धी आणा. मागचा फळा उजळला तर एक्स्पोजर अजून ऑटोवर आहे. अक्षरं पुसट झाली तर फोकस सुटलाय. मग लाल कपडा तसाच आणा, फळ्याचा रंग बदलला तर व्हाइट बॅलन्स सुटलाय. काहीच बदललं नाही तर तिन्ही लॉक आहेत.

ही चाचणी दर क्लासआधी करा, कारण यूएसबी काढून लावली, लॅपटॉप झोपवून उठवला, की बरेच कॅमेरे गुपचूप परत ऑटोवर जातात. ओबीएस चालू ठेवून Start Virtual Camera दाबलं आणि झूममध्ये OBS Virtual Camera निवडला तर सेटिंगची खिडकी क्लासभर हाताशी राहते. आणि ज्या कॅमेऱ्यात Exposure चा स्लायडरच हलत नाही तिथे लॉक होणारच नाही, मग फार गडद कपडे टाळा आणि कॅमेऱ्याजवळ न येता फळ्याशेजारी एकाच अंतरावर उभं राहून शिकवा, म्हणजे सरासरी फारशी हलत नाही.